GmbH बघून उधारीवर कंटेनर भरणाऱ्यांसाठी

"परदेशी कंपनीच्या नावामागे GmbH असेल तर बिनधास्त माल पाठवा! 1) GmbH ला जर्मन सरकारकडे 25,000 युरो डिपॉझिट ठेवावंच लागतं, पैसे बुडाले तर त्यातून मिळतात. 2) UG म्हणजे लहान GmbH, नियम तेच. 3) GmbH फक्त जर्मनीतच असते. 4) LLC म्हणजे अमेरिकन सरकारमान्य, Inc म्हणजे शेअर बाजारातली कंपनी. सर्व निर्यातदार बांधवांना पाठवा 🙏"

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपांवर हे फिरतंय, आणि काल माझ्या आतेभावाने मला पाठवलं, खाली लिहिलेलं, "बघ, ॲडव्हान्स मागायची गरज नाही." ऑक्टोबर छाटणीपासून थिनिंग, डिपिंग, रेसिड्यूची टेस्ट, सगळं जिवाचं रान करून करायचं आणि माल कोणाच्या हवाली करायचा ते मात्र फॉरवर्ड वाचून ठरवायचं? मी नाशकात एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचंच काम करतो, त्यामुळे हे गप्प बसून बघवत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून त्यावरच जास्त लिहितो. असं कुठलंही डिपॉझिट नसतं. 25,000 हा आकडा खरा आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. GmbH म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी. तिचा जर्मन कायदा 1892 चा आहे, GmbHG नावाने तो gesetze-im-internet.de या साइटवर इंग्रजी भाषांतरासकट फुकट वाचायला मिळतो, कोणीही उघडून बघावा. कलम 5 म्हणतं की भागभांडवल किमान 25,000 युरो हवं. ते मालक लोक स्वतःच्याच कंपनीच्या खात्यात भरतात, सरकारकडे एक सेंटही जात नाही. कलम 7 प्रमाणे रोख भरणार असतील तर नोंदणीच्या वेळी 12,500 भरले तरी काम होतं. आणि एकदा नोंदणी झाली की त्या पैशातून गोडाऊनचं भाडं द्या, पगार करा, गाडी घ्या, सगळं चालतं. बंधन एवढंच की ते भांडवल मालकांनी परत आपापल्या खिशात घालायचं नाही. धंद्यात तोटा होऊन संपलं तर संपलं. म्हणजे पाच वर्षं जुन्या GmbH च्या खात्यात आज काय आहे ते या 25,000 वरून काहीच कळत नाही.

आता कलम 13 मधलं दुसरं पोटकलम वाचा. कंपनीच्या देण्यासाठी फक्त कंपनीची मालमत्ता जबाबदार. बास, एवढंच एक वाक्य आहे आणि सगळा खेळ त्यातच आहे. समजा तुम्ही 30,000 युरोचा रीफर कंटेनर पाठवला, बायरने माल उतरवला, 5,000 दिले, बाकीच्यावर क्वालिटी क्लेम लावून महिना काढला आणि मग दिवाळखोरीचा अर्ज टाकला. आता उरलेल्या 25,000 साठी तुम्ही रांगेत, आणि रांगेत पुढे कोण, तर ज्या बँकेकडे तारण आहे ती. तुमच्याकडे तारण काहीच नाही, द्राक्षं तर कधीच विकून खाऊन झालेली. मालकाचं घर, गाडी, बायकोचं खातं, एरवी कशालाच हात लावता येत नाही. त्याने लबाडी केली किंवा दिवाळखोरीचा अर्ज मुद्दाम उशिरा टाकला असं सिद्ध केलं तर वेगळी गोष्ट, पण ते इथे पिंपळगावात बसून जर्मन कोर्टात सिद्ध करायचंय. तेव्हा ते GmbH तुम्हाला नाही, मालकाला संरक्षण देतं, मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं उलटं सांगितलंय.

दुसरा मुद्दा थेट आतेभावाच्या बायरला लागू होता. एजंट फोनवर "जर्मन GmbH आहे" म्हणत होता आणि बायरच्या मेलमध्ये खाली नावापुढे UG होतं. UG हा प्रकार नोव्हेंबर 2008 मध्ये कलम 5a घालून आणला, भांडवल 1 युरोपासून चालतं. नफा झाला तर दरवर्षी त्यातला चौथा हिस्सा राखीव ठेवावा लागतो, पण नफाच नसेल तर ठेवणार काय? नियम तेच म्हणणाऱ्याने हा एवढा फरक कसा गिळला कळत नाही. UG च्या पुढे कंसात haftungsbeschränkt हा 'जबाबदारी मर्यादित' अशा अर्थाचा लांबलचक शब्द पूर्ण लिहिणं सक्तीचं आहे, कारण समोरच्याला भांडवल कमी असू शकतं हे कळावं.

कलम 35a मुळे अशा कंपनीच्या लेटरहेडवर आणि धंद्याच्या मेलवर कुठल्या कोर्टात नोंद, नोंदणी नंबर आणि डायरेक्टरांची नावं द्यावीच लागतात. नंबर HRB ने सुरू होतो. मी आतेभावाला, म्हणजे दादाला, समोर बसवून handelsregister.de वर ते कोर्ट निवडलं, नंबर टाकला आणि AD वर क्लिक केलं, तो चालू नोंदीचा उतारा असतो, 2022 पासून फुकट. त्यात Stammkapital, म्हणजे भागभांडवल, यासमोर आकडा होता 1,000 युरो. एवढ्यात कंटेनरचं भाडंसुद्धा निघत नाही, आणि दादा अख्खा कंटेनर उधारीवर द्यायला निघाला होता. त्यानंतर वाद झाला नाही, आधी ॲडव्हान्स मागायचा आणि उरलेल्या रकमेसाठी निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या ईसीजीसीकडे त्या बायरवर क्रेडिट लिमिट मिळतं का बघायचं असं ठरलं.

बायर जुना असेल तर unternehmensregister.de वर त्याचा ताळेबंद शोधा. त्यात मालमत्तेच्या बाजूला सगळ्यात खाली ही ओळ दिसली तर थांबा:

```
Nicht durch Eigenkapital gedeckter Fehlbetrag
```

म्हणजे भांडवल तोट्यात खपून गेलंय आणि वर देणी उरलीत. ताळेबंद उशिराने येतो, वर्ष-दीड वर्ष जुना असू शकतो, अगदी छोट्या कंपन्यांचा सहज दिसतही नाही, तेवढी मर्यादा आहेच.

तिसरा मुद्दा दोन ओळीत. ऑस्ट्रियात GmbH असते, तिथे 2024 पासून 10,000 युरो पुरतात. स्वित्झर्लंडमध्येही असते, तिथे 20,000 फ्रँक.

चौथा. अमेरिकेत LLC राज्यात नोंदवतात, पहिला कायदा वायोमिंगचा, 1977 चा. किमान भांडवल नाही, एकटा माणूस काढू शकतो, आणि डेलावेअरमध्ये नोंदणीच्या कागदावर मालकाचं नावही द्यावं लागत नाही. सरकारमान्य म्हणायचं तर आपली कोपऱ्यावरची प्रायव्हेट लिमिटेडही सरकारमान्यच आहे. Inc असलेल्या बहुतेक कंपन्यांनी शेअर बाजार बघितलेलासुद्धा नाही. आणि कांदावाल्यांनो, दुबईच्या बायरच्या नावातली LLC अमिरातीच्या कायद्याची असते, तिचा अमेरिकेशी संबंध नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. GmbH काढायला नोटरी लागतो, नोंद सगळ्यांना दिसते, त्यामुळे डेलावेअरच्या LLC पेक्षा तिच्याबद्दल घरबसल्या पुष्कळ कळतं. पण ते कळतं नोंद उघडली तर. आणि नुसत्या शेपटावरच विश्वास ठेवायचा असेल तर e.K. बघा, एकट्या व्यापाऱ्याची पेढी, भांडवलाची अट नाही, दिसायला किरकोळ, पण तिथे मालक स्वतःच्या घरादारासकट जबाबदार असतो.

नाव पूर्ण वाचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. GmbH च्या मागे i.L. असेल तर कंपनी गुंडाळायला काढलीय. i.G. असेल तर अजून नोंदच झालेली नाही, HRB नंबर मिळून तो स्वतः तपासेपर्यंत पॅकहाऊसमधून माल हलवू नका.