पत्रिका दोन भाषांत, पण अनुवाद नको

भाच्याच्या लग्नाची पत्रिका करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सांगलीत गावभागात वीसेक वर्षं डीटीपी करतोय, त्यामुळे घरात कुणाचं काही छापायचं असलं की "मामा आहे ना" हे ठरलेलंच. या वेळी पोराच्या ऑफिसातली मंडळी बाहेरची, त्यातली निम्मी मराठी न वाचणारी, म्हणून ५ बाय ७ इंचाची घडीची पत्रिका, उघडली की डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी.

माझं दुकान तेव्हा लग्नसराईत पार बुडालेलं, म्हणून ताईने मजकूर दुसरीकडे दिला आणि पहिलं प्रूफ माझ्याकडे आलं. बघून हसू आलं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' याचं इंग्रजी 'बाय द ग्रेस ऑफ श्री, ॲट अवर प्लेस'. चि. सौ. कां. चं तर शब्दशः लांबलचक काहीतरी करून ठेवलेलं, पोराचे बॉस वाचून म्हणतील ही नक्की कोण बाई. आणि इतकं भरूनसुद्धा खाली हाताएवढी जागा मोकळीच.

माझं मत असं की इंग्रजी बाजू मराठीवरून लिहायचीच नाही. मराठी कागद उलटा ठेवायचा आणि पाहुण्याला काय कळायला हवं एवढंच डोक्यात धरून इंग्रजी नव्याने लिहायचं. कारण दोघांचा क्रमच वेगळा आहे. मराठीत बोलावणारे शेवटी येतात, 'आपले विनीत' म्हणून, आणि खाली काका-मामा-आत्यांची रांग. इंग्रजीत बोलावणारे आईवडील पहिल्याच ओळीत, 'रिक्वेस्ट द प्लेजर ऑफ युअर कंपनी ॲट द वेडिंग ऑफ देअर सन'. म्हणजे मराठी पान खाली जड आणि इंग्रजी पान वर जड, ओळीसमोर ओळ बसवायला गेलात की दोन्ही बिघडणार.

मग मी काय केलं, तीनच गोष्टी समोरासमोर बांधल्या: वधूवरांची नावं, तारीख-वेळ आणि कार्यालयाचा पत्ता. या तिन्ही दोन्ही पानांवर कागदाच्या वरच्या कडेपासून सारख्याच अंतरावर. बाकीचं आपापल्या पद्धतीने. वरती मराठीत गणेशाय नमः आणि श्रीकृपेच्या दोन ओळी, त्यांच्यासमोर इंग्रजीत आईवडिलांची नावं. खाली मराठीत विनीत मंडळी, तिथे इंग्रजीत फक्त फोन नंबर आणि मोकळी जागा. मोकळी जागा राहू द्या हो, ती भरायला गेलं की पुन्हा अनुवाद सुरू! तिथी इंग्रजीत घेतलीच नाही, आणि 'सहकुटुंब सहपरिवार' हे शब्द फक्त मराठीत ठेवले, इंग्रजीत 'विथ फॅमिली' एवढंच.

आता साइज. त्या प्रूफमध्ये दोन्हीला १४ पॉइंट टाकलेलं, आणि तरी मराठी बारीक आणि इंग्रजी ढब्बू दिसत होतं. पॉइंटचा आकडा अक्षराची उंची नाही सांगत, बऱ्याच जुन्या मराठी फॉन्टात वरच्या-खालच्या मात्रांची जागा त्यातच धरलेली असते म्हणून मूळ अक्षर लहान दिसतं. माझी ट्रिक सोपी, क टाइप करायचा आणि शेजारी इंग्रजी छोटा एन आणि मोठा एच. क ची शिरोरेषा त्या दोघांच्या मधोमध आली पाहिजे, मग आकडा काही का असेना. मी शेवटी Tiro Devanagari Marathi घेतला, त्यात इंग्रजी अक्षरं पण त्याच हाताची आहेत म्हणून साइज फार वेगळा करावा लागला नाही, ओळींतलं अंतर मात्र मराठीला २३ आणि इंग्रजीला २०, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला अडकतो. आणि या फॉन्टात ल आणि श आपले मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचा ल घेऊन 'सांगली' लिहिलेलं मला डोळ्यात खुपतं (हा माझा आजार आहे, ताईला फरक दिसला नाही). त्यात बोल्ड नाही, म्हणून नावं साइजनेच मोठी केली.

एक चूक माझीही झाली. इंग्रजी नावं कॅपिटलमध्ये अक्षरांत थोडं अंतर देऊन छान दिसत होती, म्हणून घाईत तेच सेटिंग मराठी नावांना लागलं आणि शिरोरेषा जागोजागी तुटली, नाव म्हणजे पडक्या कुंपणासारखं. मराठीला ते अंतर शून्यच ठेवा. प्रूफ स्क्रीनवर मोठं करून बघितलं म्हणून सापडलं. पण साइज-अंतराचा निकाल शंभर टक्क्यांत कागदावर प्रिंट काढून, हातभर लांब धरून, डोळे किलकिले करूनच लावायचा. दोन्ही पानं सारखीच करडी दिसली तर ठीक, एक काळं दिसलं तर तिथल्या ओळी अजून मोकळ्या करा.

पहिली पत्रिका नेहमीप्रमाणे गणपतीला ठेवायला ताई देवळात घेऊन गेली. संध्याकाळी फोन, "अरे, विनीतमध्ये धाकट्या आत्याचं नाव राहिलंय." मराठीतच राहिलंय म्हणे. इंग्रजीत आत्या नव्हतीच!