साठ दिवसांच्या शेंगेन व्हिसाचा शेवटचा दिवस कसा काढायचा, आणि तो मेसेज कुठे चुकतो

"शेंगेन व्हिसावर ६० दिवस असतील तर उतरल्याचा दिवस धरायचा नाही, परतीचा पण नाही, मधले ६० मोजायचे. म्हणजे सरळ दोन महिने. स्टिकरवर जी शेवटची तारीख आहे तोपर्यंत तर राहायला हरकतच नाही. दोन-तीन दिवस इकडेतिकडे झाले तरी कोणी विचारत नाही. सगळ्या सीनियर सिटिझन ग्रुपवर पाठवा."

असा एक मेसेज फिरतोय. पाठवलाच कोणीतरी, आणि तो आमच्या गोरेगावच्या मावशीपर्यंत पोचला. मावशी आणि काका मुलीकडे फ्रँकफर्टला चाललेत, पहिल्यांदाच. हा मेसेज वाचून काकांनी एजंटला ५ जुलैचं परतीचं तिकीट बघायला सांगितलं, आणि एजंटनेही "हो हो, बसतंय" म्हणून टाकलं. बसत नाहीये. म्हणून नीट लिहितो, कारण ज्यांच्याकडे हा मेसेज जातोय त्यातले बहुतेक पहिल्यांदाच इतके दिवस बाहेर राहणारे आहेत.

उतरल्याचा आणि परतीचा दिवस न धरण्याची गोष्ट सगळ्यात घातक आहे. शेंगेन देशांचा, म्हणजे युरोपातल्या ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं त्यांचा, सीमेचा जो कायदा आहे, शेंगेन बॉर्डर्स कोड, २०१६ चा ३९९ नंबरचा रेग्युलेशन, त्याच्या कलम ६ मध्ये हे एका वाक्यात स्पष्ट लिहिलंय: आत आल्याची तारीख हा मुक्कामाचा पहिला दिवस आणि बाहेर पडल्याची तारीख हा शेवटचा. दोन्ही धरायचे. रात्री साडेअकराला आत शिरलात तरी तो पूर्ण एक दिवस गेला. आपल्याकडे पाच दिवसांचा गणपती बसतो तेव्हा चतुर्थीचा दिवस पहिला आणि पाचव्या दिवशी विसर्जन, कोणी "बसवला तो दिवस सोडून पाच" म्हणत नाही, अगदी तसंच.

आता मावशीचंच घ्या. ५ मे ला उतरणार, व्हिसा ६० दिवसांचा. ५ ते ३१ मे, दोन्ही धरून २७ दिवस. जूनचे ३०, झाले ५७. उरले तीन, म्हणजे १, २ आणि ३ जुलै. शेवटचा दिवस ३ जुलै. मेसेजच्या हिशेबाने ५ जुलै येतो, म्हणजे सरळ दोन दिवस ओव्हरस्टे. आणि जे फक्त उतरल्याचा दिवस सोडतात किंवा तारखेत ६० मिळवून मोकळे होतात त्यांचा ४ जुलै येतो, तोही चूकच. एक्सेलमध्ये करायचं तर A1 मध्ये उतरायची तारीख, B1 मध्ये दिवस, आणि

```
=A1+B1-1
```

तो शेवटचा वजा एक विसरला की गेलं.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. पहिला दिवस सोडायचा हे कोणी हवेतून काढलेलं नाही. आपल्याकडे १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट आहे, त्यात "अमुक तारखेपासून" असं लिहिलं की पहिला दिवस वगळतात, कोर्टातल्या मुदती तशाच मोजतात, त्यामुळे वकिलीत किंवा सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटकन पटतं. पण तो भारताचा कायदा, तुम्ही उभे असणार फ्रँकफर्टच्या काउंटरवर, आणि तिथल्या कायद्याने स्वतःचा नियम वेगळा लिहून ठेवलाय.

दोन महिन्यांचं म्हणाल तर स्टिकरवर महिने लिहिलेलेच नसतात, दिवस लिहिलेले असतात. ५ जुलैला उतरलात तर साठावा दिवस २ सप्टेंबर, ५ सप्टेंबर नाही, तीन दिवसांचा फरक. उलट ५ जानेवारीला उतरलात तर, लीप वर्ष नसेल तर, साठावा दिवस बरोब्बर ५ मार्च येतो, कारण मध्ये फेब्रुवारी आहे. म्हणजे थंडीत जाऊन आलेला माणूस "आम्ही दोन महिने धरले, काही झालं नाही" असं खरंच सांगू शकतो, आणि तेच ऐकून मे महिन्यात जाणारा अडकतो.

आता स्टिकरवरच्या तारखेचं. स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: एक, कधीपासून कधीपर्यंतची व्हॅलिडिटी, आणि दुसरी, त्या काळात किती दिवस राहता येईल, ड्युरेशन ऑफ स्टे. एकाच एंट्रीच्या व्हिसात व्हॅलिडिटी साधारण १५ दिवस जास्तीची देतात, म्हणजे तिकीट पुढेमागे झालं तर पंचाईत नको. मावशीच्या स्टिकरवर ५ मे ते १८ जुलै आहे आणि खाली ६० दिवस. याचा अर्थ १८ जुलैपर्यंत राहा असा नाही. अर्थ असा की ५ ऐवजी २० मे पर्यंत कधीही पोचलात तरी पूर्ण ६० दिवस मिळतील, २० मे ला पोचलात तर साठावा दिवस १८ जुलै. त्याच्याही नंतर, समजा २५ मे ला गेलात, तर १८ जुलैलाच निघावं लागेल आणि हातात ५५ च दिवस पडतील. म्हणून दोन तारखा काढायच्या, दिवस मोजून येणारी आणि स्टिकरवर छापलेली, आणि जी आधी येते ती खरी.

विमानाच्या वेळेचा गोंधळ पण याच्यातच आहे. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीच्या आसपास सुटतात, त्यामुळे तिकिटावर ४ तारीख आणि उतरायची ५ असं होतं. मोजणी मुंबईतून नाही, शेंगेनमधल्या पहिल्या पासपोर्ट काउंटरपासून. दुबईला विमान बदललं तर तो वेळ मोजत नाहीत, पॅरिसला बदलून फ्रँकफर्टला गेलात तर पॅरिसला आत शिरलात ती तारीख धरतात. परतताना उलटं: ३ जुलैला रात्री फ्रँकफर्टचं काउंटर ओलांडलं आणि मुंबईत ४ ला उतरलात तर काही बिघडत नाही. पण दुसऱ्या एखाद्या शहरातून परतत असाल आणि विमान ४ ला रात्री साडेबाराचं असेल तर काउंटर बाराच्या आत ओलांडायच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशीचं तिकीट घ्या.

आणि हो, युरोपियन कमिशनचा जो ऑनलाइन कॅल्क्युलेटर लोक दाखवतात तो कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा नियम तपासतो. तुमच्या स्टिकरवर ६० लिहिलेत हे तो धरतच नाही, त्यामुळे "चालेल" दाखवेल आणि तुमची मुदत तरीही उलटून गेलेली असेल.

कोणी विचारत नाही म्हणणाऱ्यांना एवढंच, की १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे एंट्री-एक्झिट सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू झाली. फोटो, बोटांचे ठसे, आत-बाहेरच्या तारखा कॉम्प्युटरवर, आणि दिवस जास्त झाले की नाव आपोआप वेगळं निघतं. आधी फिकट शिक्क्यावरून ऑफिसर बोटं मोजायचा ते दिवस गेले. दंड, काही वेळा प्रवेशबंदी आणि पुढच्या व्हिसाला नकार, हे सगळं होऊ शकतं. मुलगी तिथे राहत असताना पुढचा व्हिसा नाकारला जाणं म्हणजे काय ते मावशीला विचारा.

खरंच अडचण आली, विमान रद्द झालं, काका अ‍ॅडमिट झाले, तर त्यालाही सोय आहे, पण ती गप्प बसून मिळत नाही. मुदत संपायच्या आत तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात, जर्मनीत त्याला आउसलेंडरबेहोर्डं म्हणतात, डॉक्टरांचं पत्र किंवा एअरलाइनचा कागद घेऊन मुदतवाढ मागायची. आपल्या हाताबाहेरचं कारण सिद्ध झालं तर त्याला फी पण लागत नाही. ३ जुलै शेवटचा असेल तर ३ च्या आत अर्ज, ४ ला गेलात की तो ओव्हरस्टे झालेल्या माणसाचा अर्ज.