छेचाळीस गुणसूत्रे असूनही डाउन सिंड्रोम: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमच्या टिपणांत डाउन सिंड्रोमपुढे '२१ क्रमांकाचे गुणसूत्र तीन वेळा' एवढेच आहे. आमच्या सराव परीक्षेत ४६ गुणसूत्रे असलेल्या मुलीला डाउन सिंड्रोम होता आणि तिची निरोगी आई ४५ गुणसूत्रांची होती. टिपणांवरून हा प्रश्न सुटत नाही. शिवाय उत्परिवर्तन आणि गुणसूत्रीय विकार वेगळे कशासाठी? दोन्ही डीएनएतलेच बदल ना?"

आधी दुसऱ्या शंकेविषयी लिहितो, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातूनच निघते. दोन्ही बदल डीएनएतलेच आहेत, हे खरे. पण त्यांच्या आकारमानात प्रचंड अंतर आहे आणि म्हणून ते शोधण्याच्या पद्धतीही निराळ्या आहेत. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात GAG या तीन अक्षरांच्या जागी GTG येते, म्हणजे एका ॲडेनिनची जागा थायमिन घेते आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. डीएनएचा दुहेरी सर्पिल तसाच राहतो, ॲडेनिनसमोर थायमिन ही जोडीची शिस्तही मोडत नाही, फक्त त्या ठिकाणी जोडी उलटी होते. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांवरचे पट्टे पाहणाऱ्याला साधारण ५० लाख ते १ कोटी जोड्यांहून लहान बदल दिसत नाही. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाची गुणसूत्र तपासणी अगदी सामान्य येते. याउलट डाउन सिंड्रोममध्ये एकही अक्षर चुकलेले नसते. २१ क्रमांकाच्या गुणसूत्रावरची शेकडो जनुके बिनचूकच असतात, मात्र त्यांच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. बिघाड मजकुरात नसून मात्रेत असतो.

आता आपल्या प्रश्नातल्या मायलेकींकडे वळू. गुणसूत्रे मोजताना आपण सुटे तुकडे मोजतो, जनुकांच्या प्रती नव्हे. १३, १४, १५, २१ आणि २२ ही गुणसूत्रे अग्रकेंद्री आहेत, म्हणजे त्यांचा गुणसूत्रबिंदू जवळजवळ टोकाशी असतो आणि एक भुजा अतिशय आखूड असते. कधी कधी अशा दोन गुणसूत्रांच्या लांब भुजा एकमेकींना जोडल्या जातात आणि आखूड भुजा गळून जातात. आखूड भुजांवर मुख्यतः रायबोसोमच्या आरएनएची जनुके असतात आणि ती उरलेल्या अग्रकेंद्री गुणसूत्रांवरही भरपूर असल्याने नुकसान होत नाही. आईचे एक १४ आणि एक २१ असे जोडले गेले आहे. सुटे तुकडे ४५ भरतात, पण लांब भुजा प्रत्येकी दोनच आहेत, म्हणून ती निरोगी आहे. तिचा अहवाल पुढीलप्रमाणे लिहितात; त्यात 45 ही सुट्या तुकड्यांची संख्या, rob म्हणजे असा जोड आणि q म्हणजे लांब भुजा:

```
45,XX,rob(14;21)(q10;q10)
```

अंडपेशी तयार होताना तिच्याकडे एक सुटे १४, एक सुटे २१ आणि एक जोडगुणसूत्र असते. या तिघांची वाटणी सहा प्रकारे होऊ शकते. सुटे १४ आणि सुटे २१ एकत्र गेले तर मूल सर्वसामान्य होते; केवळ जोडगुणसूत्र गेले तर मूल आईसारखे निरोगी वाहक होते; जोडगुणसूत्रासोबत सुटे २१ गेले तर वडिलांकडच्या २१ सह तीन प्रती होतात आणि डाउन सिंड्रोम होतो. या मुलीचे तसेच झाले:

```
46,XX,rob(14;21)(q10;q10),+21
```

उरलेल्या तीन प्रकारांत १४ किंवा २१ ची प्रत कमी पडते, नाहीतर १४ ची जास्त होते, आणि असे गर्भ टिकत नाहीत. कागदावर जगणाऱ्या तीन प्रकारांपैकी एक, म्हणजे एक तृतीयांश धोका निघतो. प्रत्यक्षात आई वाहक असताना तो सुमारे १० ते १५ टक्के आणि वडील वाहक असताना त्याहून पुष्कळच कमी आढळतो. परीक्षेत 'सैद्धांतिक' की 'प्रत्यक्ष' विचारले आहे, हे नीट वाचावे.

डाउन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के मुलांत २१ सुटेच असते, गुणसूत्रे ४७ भरतात आणि आईच्या वाढत्या वयाचा संबंध तिथे येतो. स्थानांतरणाचा, म्हणजे वर पाहिलेल्या जोडगुणसूत्राचा, प्रकार ३ ते ४ टक्क्यांत आढळतो आणि त्याचा आईच्या वयाशी संबंध नसतो. २१ च्या प्रती केवळ मोजणारी जलद चाचणी दोन्हीकडे 'तीन' असेच उत्तर देते, म्हणून तेवढ्यावर थांबले तर पुढच्या बाळंतपणाचा धोका कळत नाही. त्यासाठी मुलाची गुणसूत्रे प्रत्यक्ष पाहावी लागतात आणि जोड आढळला तरच आईवडिलांची तपासणी करतात. अनेकदा दोघेही सामान्य निघतात, कारण जोड नव्यानेच घडलेला असतो.

आपल्या सराव प्रश्नात आईची दोन्ही २१ गुणसूत्रेच एकमेकांना जोडलेली आहेत असे दिले असते, तर उत्तर बदलले असते. मग अंडपेशीत एक तर ते जोडगुणसूत्र जाते किंवा २१ मुळीच जात नाही; दुसऱ्या प्रकारचा गर्भ टिकत नाही, त्यामुळे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला डाउन सिंड्रोम असतो.