खोक्याला पोचा नाही, पण कान तुटले: सहा कपांच्या पार्सलबद्दल आमचं उत्तर

★☆☆☆☆
"लातूरहून गुवाहाटीला बहिणीकडे वास्तुशांतीसाठी चिनीमातीच्या सहा कपांचा सेट पाठवला. बाहेरच्या खोक्याला साधा पोचा नाही, आत तीन कपांचे कान तुटलेले. नाजूक मालाचं स्टिकर लावलं, पॅकिंगचे वेगळे पैसे घेतले, मग उपयोग काय झाला?"

दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई. वास्तुशांतीची भेट अशी पोचली, तुमचा राग साहजिक आहे. फोटो नीट पाहिले. कान दोन्ही मुळांपासून सरळ निघालेत आणि कपाच्या अंगावर एकही तडा नाही. वरून दाब आला असता तर आधी खोकं चेपलं असतं आणि कपांचे काठ गेले असते. इथे कप आतल्या आत हलले आहेत. कान कपाला दोनच छोट्या जागी जोडलेला असतो. खोकं कडेवर आपटलं की खोकं थांबतं, कप थांबत नाही, आणि सगळा मार बाहेर आलेल्या कानावर बसतो.

कप हलले, कारण ते कंपनीच्या छापील डब्यातच राहिले. त्यातले पातळ पुठ्ठ्याचे कप्पे मोठ्या खोक्यात डबे एकमेकांना घट्ट लावून नेण्यासाठी असतात, एकट्या डब्याच्या लांबच्या प्रवासासाठी नाही. प्रत्येक कप्प्यात बोटभर जागा मोकळी असते. गिफ्ट पेपर फाडायचा नाही असं ठरल्यामुळे आमचं बबल रॅप डब्याच्या बाहेरून बसलं. पावतीवर 'आतील पॅकिंग ग्राहकाचे' अशी नोंद आहे. बाहेरून कितीही थर दिले तरी आतली मोकळी जागा तशीच राहते.

आता असा सेट कसा बांधायचा ते सांगतो, इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. आधी प्रत्येक कप बाहेर काढायचा. मऊ कोरा कागद चुरगाळून कानाच्या भोकात भरायचा, कानाच्या बाहेरच्या कडेपर्यंत. हीच पायरी लोक सोडतात. नुसतं बबल रॅप गुंडाळलं तर ते कानावर ताणून बसतं आणि उलट कानालाच ओढतं. कपाच्या पोटातही कागद भरायचा. मग एक कागद भोवती, आणि त्यावर मोठ्या फुग्यांच्या बबल रॅपचे दोन वेढे, फुगे आतल्या बाजूला. असे सहा कप उभे, तीन-तीनच्या दोन रांगांत, आणि शेजारच्या दोघांत पुठ्ठ्याची पट्टी.

खोकं पाच थरी पुठ्ठ्याचं घ्यायचं. तळाशी चुरगाळलेल्या कागदाची 5 सेंटिमीटरची गादी, चारही बाजूंना आणि वरही तेवढंच. कागद हाताने दाबून भरायचा, कारण ट्रकच्या हादऱ्यांनी तो खाली बसतो आणि वर पोकळी तयार होते. झाकण थोडं दाबूनच बंद व्हावं. मग खोकं उलटंपालटं करून कान लावायचा. खळखळ तर सोडाच, 'धप्' असा बारीक आवाज आला तरी परत उघडून भरायचं. शेवटी मधल्या सांध्यावर आणि दोन्ही कडांना रुंद चिकटपट्टी. सुतळी बांधू नका, ती पुठ्ठ्यात रुतते आणि हमाल तिलाच धरून खोकं उचलतात.

मग सगळे असं का करत नाहीत? पैशामुळे. वर सांगितलेलं खोकं साधारण 45 × 38 × 22 सेंटिमीटरचं होतं. विमानाने पाठवताना बहुतेक ठिकाणी लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला 5000 ने भागतात, म्हणजे भाडं साडेसात किलोचं लागतं. प्रत्यक्ष वजन तीन किलोच्या आसपासच असतं. आकडा ऐकून लहान खोकं मागितलं जातं, आणि कापली जाते ती नेमकी गादी. गादी ठेवायची नसेल तर सरळ स्टीलचा डबा भेट द्यावा, हे माझं स्पष्ट मत.

स्टिकरबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे. स्टिकर हाताने उचलणाऱ्या माणसासाठी असतं. मोठ्या केंद्रात माल पट्ट्यावरून घसरत जातो, तिथे ते कोण वाचणार? ते लावावं, पण त्याच्या भरवशावर पॅकिंग कमी करू नये.

फुटलेल्या तीन कपांच्या जोडीचे मिळाले तर घेऊन या; ते वर सांगितल्याप्रमाणे बांधून देऊ, पॅकिंगचे पैसे घेणार नाही. गिफ्ट पेपर आणि रिबन सुटी आणा. आतलं बांधून झालं की पेपर बबल रॅपवरूनच चढवता येतो, दिसतोही छान. आणि बहिणीला सांगा, कान झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडला तर त्या कपात चहा नको. उष्णतेने आणि धुण्याने तो सांधा सैल होतो, आणि भरलेला कप हातातून सुटला तर भाजेल. पेन ठेवायला तो कप चालेल.