‘फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे की पलीकडे?

रविवारी सकाळी बंड्या कट्ट्यावर आला तो तोंड पाडूनच. चहा हातात घेतला आणि मोबाइल मास्तरांपुढे धरला. “मास्तर, हे वाचा आणि सांगा, मीटिंग कधी आहे?”

इंग्लंडच्या क्लायंटचा मेल होता. बुधवारचा डेमो दोन दिवसांनी ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ केला आहे, एवढंच एक वाक्य. बंड्याच्या टीमने त्याचा अर्थ शुक्रवार असा घेतला आणि निवांत राहिली. सोमवारी दुपारी तिकडची चार माणसं लिंक उघडून वाट बघत बसली. इकडे एक स्क्रीनसुद्धा तयार नव्हता. बंड्याला वरून बोलणी बसली ती वेगळीच.

“सोमवारच,” मास्तर म्हणाले. ते ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतात. “म्हणून तुम्हाला वर्गात घसा कोरडा करून सांगतो, प्रमाण इंग्रजी शिका. प्रीपोन, प्रीपोन करत बसता आणि खरा शब्द समोर आला की अडखळता.”

“पण मास्तर, त्याने प्रीपोन लिहिलं असतं तर मी सोमवारीच हजर असतो ना?”

मास्तर गप्प झाले आणि मला राहवेना. कारण बंड्याची चूक मला चूक वाटतच नाही. आपण मराठीत मीटिंग ‘पुढे ढकलली’ म्हणतो तेव्हा ती उशिरा होणार असते. आधी होणार असेल तर आपण ती ‘अलीकडे घेतली’ म्हणतो. म्हणजे पुढे हा शब्द आपल्या कानाला उशिराच ऐकू येतो. फॉरवर्डचं मनातल्या मनात भाषांतर झालं की बुधवारचा शुक्रवार होणारच.

आणि गोंधळ आपल्याच लोकांचा होतो असंही नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लेरा बोरोडित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारला होता: पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ झाली, तर आता ती कोणत्या वारी? साधारण निम्मे सोमवार म्हणाले, निम्मे शुक्रवार. आपण काळातून पुढे चाललो आहोत असं ज्याला वाटतं, त्याचं पुढे शुक्रवारकडे. काळच आपल्याकडे येतोय असं ज्याला वाटतं, त्याचं पुढे सोमवारकडे. जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसं अडतात तिथे बंड्याने का लाजावं?

“‘ब्रिंग फॉरवर्ड’ मात्र पक्कं आहे,” मास्तर म्हणाले. “त्याचा अर्थ आधी घेणे, एवढाच. ब्रिटनमध्ये तोच चालतो. प्रीपोन हा शब्दच नाही.”

“शब्द आहे, मास्तर.” हे मी ठामपणे म्हणालो, कारण मी शोधून ठेवलं होतं. ऑक्सफर्डच्या कोशात प्रीपोन आहे, भारतीय इंग्रजी असा शिक्का मारून. आणि १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून एका वाचकाने पोस्टपोनला जोडीदार म्हणून हाच शब्द सुचवला होता. तिकडे तो रुजला नाही, इकडे रुजला. आपल्या आपल्यात मेल असेल तर प्रीपोनसारखा नेमका शब्द सोडायचं मला काही कारण दिसत नाही. एका शब्दात काम होतं आणि दोन अर्थ निघत नाहीत.

“बाहेरच्याला तो कळणार नाही, त्याचं काय?” मास्तरांचा हा मुद्दा मात्र खरा होता. मग बंड्याच्या क्लायंटला लिहायचं कसं? ताईने सोडवलं. ती एका एक्स्पोर्ट कंपनीत मालाची कागदपत्रं बघते. ती म्हणाली, “फॉरवर्ड नको, प्रीपोन नको. वार आणि वेळ लिही. बुधवारऐवजी आता सोमवारी, भारतीय वेळेने दुपारी तीन, तुमच्याकडचे सकाळी साडेनऊ. आणि उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास पुढे जातं, तेव्हा साडेनऊचे साडेदहा कर.”

मग ताईनेच स्वतःचा जखमेचा विषय काढला. तिच्या हाताखालच्या मुलाने परदेशी एजंटला दुरुस्त इन्व्हॉइस जोडून मेल पाठवला आणि खाली लिहिलं, काइंडली डू द नीडफुल. त्याला हवं होतं की बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीच्या, ड्राफ्टवर खोकी ४६ ऐवजी ४८ करावीत. एजंटने इन्व्हॉइस फाइलला लावलं. त्याच्या लेखी नीडफुल झालं. जहाज सुटलं आणि मग ती दोन खोक्यांची चूक दुरुस्त करायला वेगळे पैसे भरावे लागले, शिवाय चार दिवस मागे लागावं लागलं.

“पण आम्ही आयुष्यभर तेच लिहिलं,” अण्णा म्हणाले. अण्णा कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. “इंग्रजीत नीडफुल, मराठीत ‘उचित कार्यवाहीस्तव सादर’. कधी काही अडलं नाही.”

“का अडलं नाही अण्णा, सांगा ना.”

अण्णांनी जरा विचार केला. “कारण फाइल सोबत असायची. आत टिपणी असायची. काय करावं हे टिपणीत स्पष्ट लिहिलेलं, साहेबांनी फक्त सही करायची. आणि खालच्या माणसाने साहेबाला ‘हे करा’ म्हणणं बरं दिसायचं नाही, म्हणून शेवटी ते मोघम वाक्य.”

मला हे आजच्या सकाळचं सगळ्यात मोलाचं बोलणं वाटलं. नीडफुल हे काही आपलं अडाणी इंग्रजी नाही. इंग्लंडचे व्यापारी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या पत्रांत तेच लिहीत. तिकडून ते गेलं, आपल्या कचेऱ्यांत राहिलं. दप्तरात ते चालायचं, कारण खरा मजकूर टिपणीत होता. मेलला टिपणी नसते. ती काढून घेतली की उरतं नुसतं ‘योग्य ते करा’, आणि योग्य काय हे समोरच्याने ओळखायचं. मास्तरांनी त्याच्या जागी ‘प्लीज टेक नेसेसरी ॲक्शन’ सुचवलं. ते प्रमाण आहे, पण रोग तोच. ताईच्या हाताखालचा मुलगा ते लिहिता तरी जहाज तसंच सुटलं असतं. ‘खोक्यांची संख्या ४८ करा आणि आज चारपर्यंत ड्राफ्ट परत पाठवा’ असं साध्या इंग्रजीत लिहिलं असतं तर काम झालं असतं. वर एक प्लीज पुरे.

आउट ऑफ स्टेशनवर फार वाद झाला नाही. कंपनीसरकारच्या काळात साहेबलोक आणि पलटणी जिथे राहत ते गाव म्हणजे स्टेशन. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हा अर्थ दिला आहे. हिल स्टेशनमधलं स्टेशन तेच. अण्णांच्या नोकरीत तर त्याला नेमका अर्थ होता: मुख्यालय सोडायचं तर सुट्टीच्या दिवशीही परवानगी. बाहेरच्या माणसाला मात्र त्यात रेल्वे स्टेशन दिसतं. ‘अवे’ किंवा ‘आउट ऑफ टाउन’ लिहिलं की भागतं, आणि खाजगी मेलमध्ये आपलं ‘परगावी’ काय वाईट आहे? पण ताईचं म्हणणं, गावाला गेलाय हे कळून तिला उपयोग काय. परत कधी येणार आणि तोवर काम कोणाकडे, हे हवं.

चहाचा दुसरा राउंड आला तेव्हा बंड्या मेल लिहीत होता. नवा डेमो, सोमवार, दोन्हीकडच्या वेळा. मास्तरांनी फोन हातात घेऊन एक स्वल्पविराम बदलला. मग बंड्याने विचारलं, “टीमच्या ग्रुपवर मात्र प्रीपोन टाकू ना?”

“टाक,” मास्तर म्हणाले.