बाथरूमचे दिवस मनात नाही, वहीत सापडतात

«प्रत्येक काम वेगळं असतं, त्यामुळे जुन्या कामांचे दिवस नव्या कामाला लावून उपयोग नाही. पंधरा-वीस वर्षं काम केलेल्या माणसाचं मन बरोबर अंदाज सांगतं. कामाचे टप्पे पाडा, दिवस जोडा, वर वीस टक्के धरा आणि तारीख देऊन टाका. जास्त दिवस सांगितले तर मजूर तेवढे दिवस लावतातच.»

नागपुरातल्या ठेकेदारांच्या आणि इंटिरियरवाल्यांच्या ग्रुपांवर हा मजकूर गेले काही महिने फिरतो आहे. फ्लॅटमधल्या दुरुस्तीच्या कामांवर देखरेख ठेवणं हा माझा व्यवसाय. या मजकुरावर विसंबून दिलेल्या तारखांचा त्रास घरातल्या माणसांना होतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

सध्या समोर असलेलं काम खामल्यातल्या एका जुन्या फ्लॅट स्कीममधलं आहे. तिसरा मजला, घरात एकच बाथरूम, आणि काम चालू असताना कुटुंब तिथेच राहणार. घरातल्या काकूंची मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार आहे. ठेकेदार म्हणाला, "काही टेन्शन नका घेऊ काकू, दहा दिवसांत होऊन जाते." तो खोटं बोलत नव्हता, त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

वेगळेपणाचा मुद्दा आधी घेऊ. दोन बाथरूम सारखी नसतात हे खरंच. एकाकडे साध्या टाइल्स, दुसरीकडे चार फुटी. एकाकडे शॉवरचा काचेचा पार्टिशन, दुसऱ्याकडे बादली. पण दिवस कशानं वाढतात ते पाहायला गेलं की यातल्या बऱ्याच गोष्टी गळून पडतात. आमच्या वहीत संपूर्ण बाथरूम फोडून नव्यानं केलेली १२ कामं आहेत. पहिला हातोडा पडला तो दिवस आणि घरच्यांनी पहिल्यांदा तिथे अंघोळ केली तो दिवस, एवढ्या दोनच तारखा मी मोजल्या. मधले रविवार, सण, थांबलेले दिवस सगळे धरून हिशेब असा आला: १३, १४, १५, १६, १७, १७, १९, २०, २२, २४, २९ आणि ४१.

या यादीत टाइल्सच्या किमतीप्रमाणे गट पाडून पाहिले, तर दिवसांत काही फरक दिसला नाही. इमारतीच्या वयाप्रमाणे पाडले तेव्हा चित्र एकदम स्पष्ट झालं. पंचवीस वर्षांहून जुन्या स्कीममधली सहा कामं १७, २०, २२, २४, २९ आणि ४१ दिवसांची. नव्या इमारतींमधली सहा १३ ते १९ दिवसांची. कारणही कळतं. जुन्या भिंतीत गाडलेला जीआय पाइप टाइल्स काढल्यावर हातात भुगा होऊन येतो, मग फक्त बाथरूमची नाही, वरच्या टाकीपासून येणारी लाइनसुद्धा बदलावी लागते. ते काम सुरुवातीच्या यादीत कोणीच लिहिलेलं नसतं.

म्हणजे साम्य शोधायचं ते दिवस वाढवणाऱ्या गोष्टींत. गट फार बारीक केला तर हाती दोनच कामं उरतात आणि त्यांवरून काही ठरवता येत नाही. फार मोठा केला तर नव्या इमारतीचे तेरा दिवस जुन्या इमारतीच्या गळ्यात पडतात. दोन गटांच्या दिवसांत फारसं अंतर नसेल तर ते एकत्र ठेवावेत, हा माझा सरळ नियम आहे.

इथे एक मोह होतो, तो म्हणजे ४१ दिवसांचं काम वगळण्याचा. "ते काम काही वेगळंच होतं" असं म्हणून लोक ते खोडतात. त्या कामात खालच्या फ्लॅटच्या छतात पाणी उतरलं, खालच्यांनी घर उघडून द्यायला आठवडा लावला आणि सोसायटीची परवानगी मागाहून घ्यावी लागली. पण जुन्या स्कीममध्ये खालच्या घरात ओल जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही, त्यामुळे ते काम यादीतच राहील. घरमालकानं घरगुती कारणानं काम महिनाभर बंद ठेवलं असतं, तर मी ते काढलं असतं. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे दिवसांचा आकडा पाहण्याआधी ठरवावं लागतं. आकडा पाहून ठरवलं की फक्त वाईट कामंच बाहेर जातात.

आता अनुभवाचं बोलू, कारण त्या मजकुरातला सगळ्यात पटणारा भाग तोच आहे. इस्रायलमधला एक प्रसंग डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञानं स्वतः सांगितला आहे. शाळेसाठी एक नवा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात तो होता. काम किती दिवसांत होईल, असं त्यानं प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगितलं. सगळ्यांची उत्तरं दीड ते अडीच वर्षांमध्ये आली. गटात सेमूर फॉक्स हे अभ्यासक्रम बनवण्यातले जाणकार होते. त्यांना काहनेमननं विचारलं की असे दुसरे गट तुम्ही पाहिले आहेत, त्यांना किती वर्षं लागली? ते थबकले. मग म्हणाले की सुमारे ४० टक्के गटांनी काम पूर्णच केलं नाही, आणि ज्यांनी केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. प्रत्यक्षात या गटाचं पुस्तक आठ वर्षांनी पूर्ण झालं.

फॉक्स यांच्याकडे अनुभव होता आणि आकडेही होते. तरी थोड्याच वेळापूर्वी त्यांनी स्वतःच्या कागदावर इतरांसारखाच अंदाज लिहिला होता. समोरच्या कामाचा विचार करताना मन पुढच्या पायऱ्यांची गोष्ट रचतं, आणि त्या गोष्टीत सगळे वेळेवर येतात. मागच्या कामांची आठवण मुद्दाम विचारल्याशिवाय वर येत नाही. आमच्या ठेकेदाराचंही तसंच आहे. त्याला "खामल्याचं काम किती दिवसांत होईल?" असं विचारलं तर तो दहा म्हणतो. "गेल्या तीन जुन्या स्कीममध्ये हातोडा कधी पडला आणि चावी कधी दिली?" असं विचारलं की तो फोन काढतो, टाइल्स फोडतानाचा पहिला फोटो शोधतो, शेवटच्या पेमेंटची तारीख पाहतो आणि स्वतःच गप्प होतो. वही नसेल तर असेच फोटो, ग्रुपवरचे मेसेज आणि माल उतरवल्याच्या चलनांवरून ती एका संध्याकाळी तयार होते. तोंडी आठवणीवर मात्र भिस्त ठेवू नका, आठवणीत मधले रिकामे दिवस राहत नाहीत.

टप्पे जोडून वर वीस टक्के धरण्याची रीत हिशेबी वाटते, म्हणून ती आमच्याच आकड्यांवर तपासू. तोडफोड आणि मलबा उतरवणं दोन दिवस, प्लंबिंग दोन, वॉटरप्रूफिंगचा थर एक, पाणी भरून ठेवून खालच्या छतावर ओल येते का ते पाहायला दोन, टाइल्स तीन, कमोड-नळ-गिझर बसवणं एक. एकूण अकरा. वर वीस टक्के धरले की तेरा दिवस आणि काही तास. वहीतल्या बारा कामांपैकी तेरा दिवसांत झालेलं काम एकच आहे.

चूक कुठे होते ते २२ दिवसांच्या एका कामावरून दिसतं. त्यात हात चालला ते दिवस १२. पाणी भरून ठेवण्याचे २. उरलेल्या ८ दिवसांत तीन रविवार होते, कारण सोसायटी रविवारी ठोकाठोकी करू देत नाही. तीन दिवस प्लंबर दुसऱ्या साइटवर अडकला होता. आणि दोन दिवस टाइल्सच्या एका बॉक्ससाठी गेले, कारण त्याच लॉटची, त्याच छटेची टाइल दुकानात नव्हती. टप्प्यांच्या यादीत दोन टप्प्यांमधली ही वाट पाहणी कुठेच नसते. टप्पे कितीही बारीक पाडले तरी ती त्यात येत नाही, आणि वीस टक्क्यांत मावत नाही.

शिवाय हे वीस टक्के कुठून आले? "सगळं बिघडलं तर किती?" असं विचारून काढलेला आकडासुद्धा अपुरा पडतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. त्यांचा अंदाज सरासरी सुमारे ३४ दिवसांचा होता, सगळं वाईटात वाईट गेलं तर सुमारे ४९. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. वाढीव दिवस मनानं धरले की तेही मूळ अंदाजाजवळच घुटमळतात. वहीतून काढले तर दोन आकडे मिळतात. जुन्या स्कीमच्या सहा कामांत मधला आकडा २३ येतो, म्हणजे निम्मी कामं त्याच्या आत झाली. आणि सहापैकी पाच २९ च्या आत. काकूंना मी हेच सांगितलं: तेवीस दिवसांत होण्याची शक्यता अर्धी आहे, मुलगी येण्याच्या आधी एकोणतीस दिवस मोकळे ठेवा, आणि त्यातही सहांत एक काम याच्या पलीकडे गेलेलं आहे. सहा कामं म्हणजे थोडी, त्यामुळे २९ हा आकडा दगडावरची रेघ नाही हेही सांगितलं.

जास्त दिवस दिले की काम तेवढं पसरतं, यात तथ्य आहे. म्हणून घरच्यांना दिलेली तारीख मजुरांच्या हाती द्यायची नाही. टाइल्सवाल्याला त्याचे तीन दिवसच सांगायचे आणि पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर द्यायचे. पण दिवस कोण खातं तेही पाहा. वरच्या कामात वाया गेलेले दिवस आळसाचे नव्हते. ते कमी करायचे तर टाइल्स दहा टक्के जास्त घेऊन हातोडा पडण्याआधी घरात आणून ठेवायच्या आणि प्लंबरची तारीख आधी पक्की करायची. खामल्यात आम्ही दोन्ही करतो आहोत. तरी अंदाजातून एकही दिवस कमी केलेला नाही. अशी तीन-चार कामं होऊन वहीत कमी दिवस दिसू लागले, की मगच आकडा खाली येईल.

काम सुरू झाल्यावर हाच हिशेब पुन्हा करावा लागतो आणि इथे बरेच जण फसतात. समजा विसावा दिवस उलटला आणि काम अपुरं आहे. "तेवीस सांगितले होते, म्हणजे तीन दिवस राहिले" असं धरायचं नाही. विसाव्या दिवसानंतरही चालू राहिलेली जुनी कामं तेवढी घ्यायची: २२, २४, २९, ४१. त्यांचा मधला आकडा साडेसव्वीस. म्हणजे त्या दिवशी काकूंना फोन करून अजून सहा-सात दिवस लागतील असं सांगायचं, आणि मुलीच्या येण्याची तारीख जवळ असेल तर शेजारच्यांच्या बाथरूमची सोय त्याच फोनवर विचारून ठेवायची.