रिकामं पाकीट पोस्ट करायचं कसं

जावकच्या टेबलावर नवीन आलाय का? मग एक गोष्ट आधी शिकून घ्या, पत्र नंतर, पाकीट आधी. आमच्या सोलापुरातल्या एका ऑफिसात (नाव नको, नोकरी आहे) एक भाऊसाहेब आहेत, त्यांच्याकडनं शिकण्यासारखं आहे. महिनाअखेर आली, ऐंशी नोटिसा पेंडिंग, आणि प्रिंटरचा टोनर संपलेला. दुसरा कुणी असता तर टोनरसाठी बोंबलत बसला असता. ह्यांनी पत्ते चिकटवले, डिंक लावला, जावक रजिस्टरात ऐंशी नंबर टाकले आणि पाकिटं स्पीड पोस्टला दिली. पेंडिंग शून्य!

घाबरायचं काही कारण नाही. पन्नास ग्रॅमपर्यंत दर एकच, त्यामुळं आत कागद असो नसो पैसे तेवढेच लागतात आणि खिडकीवरचा माणूस काय पाकीट फोडून बघत नाही. पोचपावतीवर सही येते ती पाकीट मिळाल्याची, आत काय होतं ते त्यावर कुठं लिहिलेलं असतंय. कायद्यात मात्र एक खोच आहे, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ म्हणतं की ज्या पत्रात तो कागद आहे ते पत्र पोस्टात टाकलेलं पाहिजे, तेव्हाच नोटीस बजावली असं धरतात. पण एवढं वाचतंय कोण.

तीन महिने हे मस्त चाललं. रिकामं पाकीट मिळाल्यावर लोक स्वतःलाच शोधत बसतात, कागद खाली पडला असेल, पोरानं घेतला असेल.

फक्त एक सांभाळा, सूतवाल्यापासून लांब राहा. साखर पेठेतले एक यंत्रमागवाले अण्णा आले, जन्म सूत तोलण्यात गेलेला माणूस. त्यांनी बुकिंगची पावती मागितली, भाऊसाहेबांनी ऐटीत काढून दिली. अण्णांनी चष्मा वर केला आणि वजनावर बोट ठेवलं, सहा ग्रॅम.

"ओ भाऊसाहेब, नोटीस किती पानांची?"

"दोन."

"ए-फोर कागद पाच ग्रॅमचा एक. दोन कागदाचे दहा, पाकिटाचे सहा, सोळा पायजे की ओ. रिकामी कांडी अन् भरलेली कांडी एकाच वजनाची असतीय का?"

मग भाऊसाहेबांनी रजिस्टर चाळलं, ऐंशीच्या ऐंशी पावत्या सहा ग्रॅम. तुमच्यावर अशी वेळ आली तर गांगरू नका, त्यांच्यासारखं शांतपणे म्हणा, "लेखी अर्ज द्या, उत्तर पोस्टानं येईल."

आणि आलं की. अण्णांनी फोडायच्या आधी पाकीट काट्यावर ठेवलं, अकरा ग्रॅम भरलं. म्हटले, सुधारला गडी! फोडलं तर आत एक कागद, दोन्ही बाजूंनी कोरा.

टोनर अजून आलेला नाही.